स्टिक ड्रिफ्ट : कंट्रोलर उघडण्याआधीची तयारी

स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी वही-पेन घ्या, कारण ड्रिफ्टची, म्हणजे हात न लावताही स्टिक हलवल्यासारखी वागण्याची, दुरुस्ती आकड्यांपासून सुरू होते. इथे प्लेस्टेशन 5 च्या डुअलसेन्स कंट्रोलरचं उदाहरण घेतलं आहे, पण आत अशीच पोटेन्शिओमीटरची, म्हणजे घासत फिरणाऱ्या स्पर्शकाने स्थिती मोजणारी, स्टिक असलेल्या इतर कंट्रोलरनाही बराच भाग लागू पडतो.

कंट्रोलर केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये `hardwaretester.com/gamepad` उघडा. डाव्या स्टिकच्या आडव्या हालचालीचा आकडा `AXIS 0` समोर दिसतो, उभ्याचा `AXIS 1` समोर. स्टिकला हात न लावता दोन्ही आकडे टिपा. मग स्टिक उजवीकडे पूर्ण ढकलून सोडा आणि आकडा लिहा, तसंच डावीकडून, वरून, खालून करा. शेवटी स्टिक मध्यापासून अगदी सावकाश एका बाजूला नेत आकडा सलग वाढतो की उड्या मारतो ते पाहा.

या तीन चाचण्यांतून पुढचा मार्ग बऱ्यापैकी ठरतो. आकडा कुठूनही सोडला तरी 0.08 वर येऊन स्थिर राहत असेल, तर आत बहुधा काही झिजलेलं नाही, मध्यबिंदू सरकला आहे आणि कॅलिब्रेशन पुरेल. उजवीकडून सोडल्यावर 0.12, डावीकडून सोडल्यावर 0.01, पण दोन्ही वेळी स्थिर, असं असेल तर स्टिक पूर्ण मध्यावर परतत नाही. स्प्रिंग सैल झाली आहे किंवा दांड्याच्या बुडाशी कचरा अडकला आहे. आकडा मध्याजवळ थरथरत असेल, 0.05 वरून एकदम 0.20 वर जाऊन परत येत असेल, तर दोष पोटेन्शिओमीटरमध्ये आहे. गेममधला डेडझोन, म्हणजे मध्याजवळची ज्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो ती हद्द, वाढवला की स्थिर सरक लपते. मोठ्या उड्या लपवायच्या तर डेडझोन इतका वाढवावा लागतो की बारीक नेम धरणंच जातं, म्हणून तो मला इलाज वाटत नाही.

पोटेन्शिओमीटर का बिघडतो हे कळलं की सफाईकडून किती अपेक्षा ठेवायची तेही कळतं. स्टिकच्या दोन बाजूंना, प्रत्येक अक्षाला एक, अशा दोन छोट्या डब्या असतात. आत कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावर घासत फिरणारा धातूचा स्पर्शक. स्पर्शकाचा बहुतेक वेळ मध्याजवळच्या छोट्या हालचालींत जातो, त्यामुळे पट्टा तिथेच आधी झिजतो आणि निघालेली भुकटी तिथेच साचते. भुकटी पुसता येते, झिजलेला कार्बन परत आणता येत नाही.

सफाईसाठी बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी, चिमटा, कापसाच्या काड्या आणि किमान 90 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल काढून ठेवा. घरातला गंज काढणारा साधा स्प्रे वापरू नका, त्याचं तेल मागे राहून धूळ धरतं. दोन स्क्रू खालच्या टोकांना, तर दोन एल-वन आणि आर-वन बटणांखाली असतात. कवच उघडताच आधी बॅटरीची पिन काढा. डबीचं प्लास्टिकचं घर धातूच्या चौकटीवर अडकवलेलं असतं, पण त्याच्या तीन पिना बोर्डला सोल्डर असतात. म्हणून ते पट्टीने सोडवून थोडंसंच बाहेर झुकवा. मधली चकती चिमट्याने काढा, तिच्यावरचे पत्रे वाकवू नका. काळा पट्टा ओल्या काडीने हलकेच पुसा. त्यावर फिकी रेघ उमटून खालचा थर दिसत असेल, तर सफाईचा परिणाम फार टिकणार नाही. अल्कोहोल पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी जोडू नका. मग तिन्ही चाचण्या पुन्हा घेऊन वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.

काही दिवसांनी उड्या परतल्या तर स्टिक बदलायची. इथे तयारी वेगळी लागते : तापमान स्थिर ठेवणारी सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी आणि कमी तापमानाला वितळणारं सोल्डर. एका स्टिकच्या चौदा जोडण्या सोडवायच्या असतात आणि ग्राउंडला जोडलेल्या पिना उष्णता ओढून घेत असल्याने हट्टी असतात. त्या ओढून काढल्या तर बोर्डवरची तांब्याची कडी उखडते, आणि ते नुकसान ड्रिफ्टहून वाईट. प्रत्येक पिनेवर आधी कमी तापमानाचं सोल्डर मिसळा, मग स्टिक आपसूक सुटेपर्यंत थांबा. आधी कधी सोल्डरिंग केलं नसेल तर सराव जुन्या बोर्डवर करा. दोष एकाच अक्षात असेल तर फक्त ती डबी बदलता येते. तेव्हा तीनच पिना सोडवाव्या लागतात, आणि मी पहिली निवड हीच ठेवेन.

पूर्ण स्टिक बदलतच असाल तर हॉल इफेक्टची घ्या. तिच्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे पट्टा झिजण्याचा प्रश्न उरत नाही. स्प्रिंग मात्र तिच्यातही असते आणि ती सैल होऊ शकते. नवी स्टिक बसवल्यावर मध्य नेमका शून्यावर येईलच असं नाही. `dualshock-tools.github.io` वर केबलने जोडून मध्य आणि कडा दोन्ही कॅलिब्रेट करा, आकडे पटले तरच बदल कायमचे जतन करा, आणि कवचाचे स्क्रू त्यानंतरच आवळा.