दहावीचं वेळापत्रक कोलमडू नये म्हणून

मुलं उत्साहाने वेळापत्रक आखतात आणि चौथ्या दिवशी ते गुंडाळून ठेवतात. बहुतेकदा आळस नडत नाही, अंदाज चुकलेला असतो. म्हणून वर्गात आधी अंदाज तपासायला शिकवा, रकाने नंतर आखू द्या.

१. ‘६ ते ८ गणित’ असं लिहू देऊ नका. काम नेमकं हवं: ‘बीजगणित, वर्गसमीकरणे, सूत्र पद्धतीची १० उदाहरणे, पुस्तक न बघता.’ संपलं की नाही, हे मुलाला स्वतःलाच कळलं पाहिजे.

२. शेजारी अंदाजे वेळ लिहायला सांगा आणि काम झाल्यावर खरा वेळ. समजा अंदाज ३० मिनिटांचा होता आणि लागली ४५, तर त्या विषयाला दीडपट वेळ धरायचा. तीन-चार दिवस अशी नोंद झाली की मगच आठवड्याचं वेळापत्रक करा. भाषेचा आणि भूमितीचा आकडा वेगळा येतो, तो वेगळाच ठेवा.

३. आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी सोडा. राहिलेली कामं तिथे जातात, दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाहीत. ही जागा पालक हमखास भरायला बघतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

एक काळजी घ्या. खऱ्या वेळेची नोंद वर्गात वाचून दाखवू नका, गुणही देऊ नका. तुलना सुरू झाली की मुलं खोटे आकडे लिहितात आणि मग त्यावरून केलेलं वेळापत्रकही चुकतं.