आईवडिलांच्या स्मरणार्थ काढलेल्या भजनसंग्रहाची अर्पणपत्रिका आणि आरंभीचे वचन कसे तयार करावे

इंदूरच्या मराठी घरांत आईची किंवा वडिलांची भजनांची वही त्यांच्या वर्षश्राद्धापर्यंत छापून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. भजने वहीत तयार असतात; अडते ते सुरुवातीच्या दोन पानांवर, म्हणजे अर्पणपत्रिका आणि तिच्यानंतर येणारे संतवचन यांवर. आमच्या आईचा संग्रह छापताना या दोन पानांना बाकीच्या साठ पानांपेक्षा जास्त दिवस लागले. ते काम ज्या क्रमाने झाले, त्याच क्रमाने येथे मांडत आहे.

आधी दोन पानांची कामे वेगळी करावीत

अर्पणपत्रिका गेलेल्या माणसाला उद्देशून असते, तर आरंभीचे वचन पुस्तकातल्या भजनांचे, म्हणजेच ज्याच्यासाठी ती भजने म्हटली जातात त्या देवाचे असते. ही दोन्ही एकाच पानावर आली, की वचनातला ‘तू’ कोण, याचा गोंधळ होतो. ‘हेंचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा’ हा तुकोबांचा चरण आईच्या छायाचित्राखाली छापला, तर ‘तुझा’ हा शब्द विठ्ठलाकडून सुटून आईकडे जातो. घरच्यांना ते गोड वाटते, पण अभंगाचा अर्थ बदललेला असतो.

याहून अवघड प्रसंग करुणात्रिपदीचा आहे. नानामहाराज तराणेकरांमुळे इंदूरच्या अनेक घरांत ती नित्याने म्हटली जाते, त्यामुळे वासुदेवानंद सरस्वतींची ‘शांत हो श्रीगुरुदत्ता । मम चित्ता शमवी आतां’ ही ओळ सर्वांत आधी सुचते. रागावलेल्या दत्तगुरूंनी आता शांत व्हावे, अशी ती विनवणी आहे. स्मृतिग्रंथाच्या पहिल्या पानावर मात्र ‘शांत हो’ हे शब्द मृतात्म्याला दिलेल्या निरोपासारखे वाचले जातात. त्रिपदी संग्रहात अवश्य असावी, परंतु तिची ही ओळ या जागी ठेवू नये.

पानांची मांडणी

मध्ये पिना मारून बांधायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात. आमची पुस्तिका ६४ पानांची होती. तिच्यात पहिले पान शीर्षकाचे, दुसरे प्रकाशन-मुद्रणाच्या तपशिलाचे, तिसरे अर्पणपत्रिकेचे, चौथे कोरे, पाचवे वचनाचे, सहावे कोरे आणि सात-आठ ही अनुक्रमणिकेची, अशी रचना केली. पुस्तक उघडताना नजर उजव्या पानावर आधी पडते आणि उजव्या पानाचा क्रमांक विषम असतो, म्हणून अर्पणपत्रिका व वचन ही दोन्ही विषम क्रमांकाच्या पानांवर घ्यावीत. कोऱ्या पानांवर ‘कोरे ठेवावे’ असे हस्तलिखितातच लिहून द्यावे, नाहीतर छापखान्यातला मनुष्य चांगल्या भावनेने तेथे कलश किंवा वेलबुट्टी टाकतो. छायाचित्र हवे असेल तर ते दुसऱ्या पानावर, अर्पणपत्रिकेच्या समोर घ्यावे आणि प्रकाशनाचा तपशील शेवटच्या पानावर न्यावा.

अर्पणपत्रिकेचा मजकूर

आमचा पहिला मसुदा चौदा ओळींचा होता. त्यात आईचे कष्ट, तिचे संस्कार, तिची माया, चार भावंडे, सुना, जावई आणि नातवंडे या सर्वांची नावे होती. मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा जाणवले, की नावे बदलली तर तोच मजकूर कोणाच्याही आईला लागू पडेल. ती चौदा ओळींची सामग्री मनोगतात हलवली आणि अर्पणपत्रिकेसाठी पुन्हा वही उघडली.

वहीच्या समासात आईने तांबड्या पेन्सिलीने स्वतःसाठी खुणा केल्या होत्या. कोठे ‘केरवा’, कोठे ‘पट्टी खाली घेणे’, आणि एका अभंगाशेजारी ‘दुसऱ्या चरणाला घाई नको’. गुरुवारच्या भजनात बायका दुसऱ्या चरणावर हमखास पळत आणि आई टाळ हलकेच खाली धरून त्यांना मागे आणत असे. हे आम्हां सर्वांना आठवत होते. अर्पणपत्रिका त्या एका ओळीतून तयार झाली:

आईस,
‘दुसऱ्या चरणाला घाई नको’
असे जिने वहीच्या कडेला लिहून ठेवले

खाली थोड्या लहान अक्षरांत तिचे पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि पुण्यतिथी. एवढेच. तेव्हा ज्यांना हे करायचे आहे त्यांनी वही, पंचांगाच्या कडेला लिहिलेल्या नोंदी, जुनी पत्रे यांत असे एक वाक्य शोधावे, जे फक्त त्याच व्यक्तीचे असेल. असे वाक्य नसेल तर तिची भजनातली एखादी सवय साध्या शब्दांत सांगावी.

सर्वनामाचा प्रश्न येथेच सोडवावा. आईसाठी ‘जिने’, ‘जिच्या’ हे एकवचन मराठीत जवळिकीचे आणि पूर्ण आदराचे आहे. वडिलांसाठी ‘ज्यांनी’, ‘ज्यांच्या’ असेच येईल. संग्रह सुनेच्या नावाने निघत असेल तर ‘आईंस’ आणि ‘ज्यांनी’ हे रूप योग्य ठरते. नावाआधीच्या अक्षरांचाही विचार करावा. पती हयात असताना गेलेल्या स्त्रीच्या नावाआधी रूढीने ‘कै. सौ.’ लिहितात, अन्यथा ‘कै. श्रीमती’. वारकरी घरांत कैलासवासी या अर्थाच्या ‘कै.’ऐवजी वैकुंठवासी या अर्थाचे ‘वै.’ लिहिण्याची प्रथा आहे, ती असल्यास पाळावी. येथील हिंदी वळणामुळे ‘स्व.’ लिहिणेही रुळले आहे व त्यात चूक नाही, पण ‘स्व. कै.’ अशी दोन्ही एकत्र लिहू नयेत.

तिथी लिहिताना

मराठी माणसाने इंदुरात सर्वांत जास्त सावध राहावे अशी ही जागा आहे. आई ३१ जुलै २०२४ रोजी सकाळी गेली. आमच्या पंचांगाप्रमाणे ती आषाढ वद्य एकादशी, शके १९४६. माळव्यातील हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तोच दिवस श्रावण कृष्ण एकादशी ठरतो. शुद्ध पक्षातल्या तिथीला हा फरक पडत नाही, वद्य पक्षात मात्र महिन्याचे नावच पुढे सरकते. आमच्या पहिल्या प्रुफात आषाढाचा श्रावण झालेला होता. जुळणी करणाऱ्याने स्वतःचे पंचांग पाहून ती ‘दुरुस्ती’ केली होती. ‘श्रावण वद्य एकादशी’ असे छापले गेले असते, तर नातवंडांनी उद्या श्राद्ध महिनाभर उशिरा केले असते. म्हणून तिथीबरोबर इंग्रजी तारीख नेहमी द्यावी आणि ‘कृष्ण’ऐवजी ‘वद्य’ लिहावे, म्हणजे मराठी पंचांग धरले आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

वचनाची निवड आणि पडताळणी

आम्ही त्याच ‘हेंचि दान’ या अभंगातला पुढचा चरण घेतला: ‘गुण गाईन आवडी । हेचि माझी सर्व जोडी ॥’. जोडी म्हणजे जोडलेले धन. आवडीने गुण गाणे हीच माझी सगळी कमाई, असे गाणाऱ्याने देवाला सांगितले आहे. भजनसंग्रहाला ते शोभते आणि त्यात कोणाच्या मृत्यूचा उल्लेखही ओढूनताणून आणावा लागत नाही. दोनच ओळी घ्याव्यात. संपूर्ण अभंग आत आहेच.

वचन आठवणीवरून लिहू नये. आईच्या वहीत आणि गाथेत शब्दांचे किंवा अनुस्वारांचे फरक असणारच. आतल्या भजनांत आम्ही आईचा पाठ राखला, कारण तिचे भजनी मंडळ तसेच म्हणते. पण वचनाखाली तुकोबांचे नाव येणार असल्याने ते छापील गाथेशी ताडून घेतले. अभंगाचा क्रमांक द्यायचा असेल तर कोणती प्रत पाहिली तेही लिहावे, कारण क्रमांक प्रतीगणिक बदलतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनीं’ या नाममुद्रा बहुधा शेवटच्या चरणात येतात, त्यामुळे मधला सुटा चरण कोणाचा हे त्याच्याकडे नुसते पाहून कळत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांखाली तुकोबांचे नाव सर्रास चिकटवलेले असते; असा चरण गाथेत सापडला नाही, तर तो सोडून द्यावा.

संतवाङ्मयाला कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या शतकातील गीतकाराची ओळ हवी असेल तर हिशेब वेगळा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो, म्हणून १९७७ साली गेलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या रचना २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अशा वेळी हक्कदारांना लेखी विचारावे.

छापखान्यातले प्रूफ

येथील बहुतेक छापखान्यांत जुळणी हिंदीची असते आणि मराठीची काही अक्षरे त्या हाताला सवयीची नसतात. आमच्या प्रुफात ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले होते, आणि तेही अर्पणपत्रिकेत, जेथे एकूण मजकूर तीन ओळींचा! ते अक्षर ‘ऱ’ला हलंत लावून ‘य’ जोडल्यावर उमटते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. जुन्या हिंदी फाँटमध्ये तो सापडत नसेल तर युनिकोड फाँट मागावा. याशिवाय ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘विठ्ठल’चा ‘विट्ठल’ झाला आहे का ते पाहावे, आणि चरणाच्या शेवटी खरा दंड आहे की त्याच्या जागी इंग्रजी अक्षर ‘आय’ टाकले आहे, हेही निरखावे.

अर्पणपत्रिकेला १४ पॉइंटाचे आणि वचनाला १२ पॉइंटाचे अक्षर पुरते. मजकूर पानाच्या मधोमध नव्हे, वरच्या एक-तृतीयांश भागात घ्यावा. बरोबर मध्यावर ठेवलेला मजकूर डोळ्यांना खाली घसरल्यासारखा वाटतो.

शेवटचे प्रूफ घरच्यांनी एकट्याने पाहू नये, कारण घरच्यांचे डोळे मजकूर आठवून वाचतात. आमचे प्रूफ मंडळातल्या एका काकूंनी पाहिले. त्यांनी अर्पणपत्रिका मोठ्याने वाचली, ‘घाई नको’पाशी थांबल्या, मग पेन मागून घेतले आणि तिथीतल्या ‘वध्य’चे ‘वद्य’ केले. त्यानंतर त्याच कागदावर ‘दुरुस्तीसह छापण्यास योग्य’ असे लिहून तारीख व सही घातली, त्याची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली आणि मूळ कागद छापखान्यात दिला.