वर्गणी मालमत्तेत चढली होती: नोंद अशी सुधारली

1 ऑक्टोबरला आगाऊ भरलेली 12 लाखांची वार्षिक सॉफ्टवेअर वर्गणी ‘सॉफ्टवेअर’ मालमत्तेत चढली होती. वर्ष सरलं की वापराचा हक्क संपतो, सॉफ्टवेअरवर ताबा विक्रेत्याचाच; मग मालमत्ता कसली? सगळी रक्कम ‘प्रीपेड खर्च’ खात्यात वळवली, दरमहा 1 लाख खर्चात टाकले. 31 मार्चला 6 लाख उरले. चुकून लावलेला घसाराही उलटवावा लागतो. ताळा बहुधा तिथेच चुकतो.

कंपनीतच बनवलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचं वेगळं. अमूर्त मालमत्तेच्या एएस 26 या लेखामानकाप्रमाणे सुरुवातीच्या चाचपणीचे 3 लाख खर्चातच राहिले. तांत्रिक शक्यता, पैशांची सोय, पुढचा फायदा वगैरे अटी पूर्ण झाल्या त्या तारखेपासूनचे प्रोग्रामरांचे 9 लाख पगार भांडवली केले, म्हणजे मालमत्तेत चढवले. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्यात धरत नाहीत. टाइमशीट नसेल तर ऑडिटर अडतो, आणि बरोबरच अडतो.