तीन स्क्रीनच्या जोडावर रस्ता मोडत होता, तो असा सरळ केला

कार रेसिंग गेमसाठी २७ इंची तीन मॉनिटर लावले, पण बाजूच्या स्क्रीनवर गाड्या रबरासारख्या ताणलेल्या दिसायच्या आणि रस्ता जोडावर मोडायचा. त्यात मॉनिटर स्टीअरिंग व्हीलच्याच फ्रेमला ठोकलेले, त्यामुळे गेममध्ये ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक गेलं की फोर्स फीडबॅकने, म्हणजे व्हीलच्या मोटरच्या झटक्यांनी, सगळं चित्र थरथरायचं.

आधी मॉनिटर वेगळ्या स्टँडवर घेतले, थरथर तिथेच संपली. मग व्हील बेसच्या मागे जेवढे जवळ येतील तेवढे सरकवले, डोळ्यापासून मधल्या स्क्रीनपर्यंत टेपने मोजलं तर ६० सेंमी. स्क्रीनची रुंदीही साधारण ६० सेंमीच, म्हणजे डोळ्यापाशी एका स्क्रीनचा कोन ५३ अंश, आणि बाजूच्या स्क्रीन तेवढ्याच वळवायच्या. मी आधी अंदाजाने जेमतेम ३० अंश वळवल्या होत्या! गेममध्ये ट्रिपल स्क्रीन मोड चालू केला (तो बंद असेल तर एकच चित्र तिन्हीवर ताणलं जातं) आणि रुंदी, अंतर, कोन खरे मोजून टाकले.

आता कडेची भिंत जोडावरून सरळ जाते. फक्त सीट दोन बोटं जरी मागे घेतली तरी अंतर परत मोजावं लागतं, म्हणून खाली चाकं असलेल्या खुर्चीवर हे जमत नाही, ब्रेक दाबला की ती मागे पळते.