लांब शाफ्टला पीळ किती बसतो? क्रेनच्या उदाहरणावरून हिशोब

शाफ्ट तुटणार नाही एवढं बघून बहुतेक जण थांबतात. लांब शाफ्टच्या बाबतीत मात्र खरी अडचण तुटण्याची नसते, पिळवटण्याची असते. शेडमधल्या ओव्हरहेड क्रेनचं उदाहरण घेऊ. रुळांवर सरकणाऱ्या तिच्या आडव्या पुलावर एकच मोटर आणि गिअरबॉक्स आहे, आणि त्यातून निघालेले दोन शाफ्ट दोन्ही टोकांची चाकं फिरवतात. जागेच्या अडचणीमुळे गिअरबॉक्स मध्यावर नाही. एका बाजूचा शाफ्ट 1 मीटर आहे, दुसऱ्या बाजूचा 4 मीटर. दोन्ही 40 मिमी व्यासाचे, भरीव. चाकं 200 मिमी व्यासाची.

आधी टॉर्क काढा. मोटर 1.5 किलोवॉट, 1440 आरपीएमची आहे. 9550 ला किलोवॉटने गुणून आरपीएमने भागलं की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो, इथे जवळपास 10. गिअरबॉक्स 20:1 चा आहे आणि त्यात साधारण 10 टक्के वाया जातात असं धरलं, तर बाहेर 180 न्यूटन-मीटर येतात. दोन बाजूंना सारखे वाटले तर प्रत्येकी 90. शाफ्टच्या हिशोबात मोटरच्या प्लेटवरून काढलेला टॉर्क तसाच टाकणं ही नेहमीची चूक आहे. गिअरबॉक्सनंतर वेग घटतो आणि टॉर्क त्याच पटीत वाढतो.

मग पीळ काढा. सगळी एककं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.

```
J = π d^4 / 32
θ = T L / (G J)
k = T / θ = G J / L
```

d म्हणजे व्यास, L म्हणजे लांबी, T म्हणजे टॉर्क, θ म्हणजे पीळ. J म्हणजे शाफ्टचा गोल छेद पिळाला किती विरोध करतो ते, आणि G म्हणजे धातू स्वतः किती ताठर आहे ते सांगणारा आकडा. पोलादासाठी G सुमारे 80,000 N/mm² धरतात. 40 मिमी व्यासाला J येतो 2,51,327 mm⁴. लांब शाफ्टसाठी T = 90,000 आणि L = 4,000 घातलं की θ = 0.0179 येतो. हे उत्तर रेडियनमध्ये आहे, 57.3 ने गुणलं की 1.03 अंश. आखूड शाफ्टला याच्या चौथाई, म्हणजे 0.26 अंश.

k म्हणजे पिळाविरुद्धचा ताठरपणा: एक रेडियन पीळ द्यायला लागणारा टॉर्क. लांब शाफ्टचा k सुमारे 5,030 न्यूटन-मीटर प्रति रेडियन येतो, आखूडचा 20,100.

आता या आकड्याचा अर्थ लावा. लाइन शाफ्टला मीटरमागे 3 अंशांपर्यंत पीळ चालतो, मशीन टूलला मीटरमागे 0.25 अंश, असं डिझाइनच्या पुस्तकांत देतात. आपला शाफ्ट मीटरमागे 0.26 अंशांवर आहे आणि त्यातला ताण जेमतेम 7 N/mm². कागदावर सगळं उत्तम. पण क्रेनला एकेका शाफ्टच्या पिळाशी देणंघेणं नाही, दोन बाजूंमधल्या फरकाशी आहे. चाकाच्या 100 मिमी त्रिज्येवर लांब बाजू 1.8 मिमी मागे राहते, आखूड बाजू 0.45 मिमी. शिवाय सुरुवातीला आखूड, ताठर बाजूच जास्त टॉर्क ओढून घेते, म्हणून ते चाक आधी हलतं आणि पूल तिरका होऊ पाहतो. थेट लाइनवर सुरू होणारी मोटर सुरुवातीला रेटेड टॉर्कच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त जोर लावते, तेव्हा हा फरकही त्याच पटीत वाढतो. एकाच बाजूच्या चाकाची कडा रुळाला घासून चकचकीत झालेली दिसली, तर रुळांच्या मापाबरोबर हेही तपासा.

प्रत्यक्ष तपासणी सोपी आहे. वीज बंद करून लॉक लावा, गिअरबॉक्सकडचं कपलिंग सोडवा आणि दूरचं चाक पक्कं अडवा. मोकळ्या टोकाला 500 मिमीचा दांडा बांधून त्याच्या टोकाला काटकोनात ताणकाट्याने 18 किलोचा ओढा द्या. दांड्याचं टोक साधारण 9 मिमी सरकायला हवं. आधी थोडा ओढा देऊन चावी आणि कपलिंगमधली ढिलाई काढा, मग दांड्याच्या टोकाचं सरकणं मोजणारा डायल गेज शून्यावर आणा. नाहीतर ती ढिलाईच पीळ म्हणून मोजली जाते. सरकणं बरंच जास्त आलं तर संशय कपलिंगवर घ्या, रबरी असेल तर आधी त्याच्यावरच.

उपाय निवडताना ईएन 8 पोलादाऐवजी ईएन 24 पोलाद घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने शाफ्टची ताकद वाढते, पण G जवळपास तोच राहतो आणि पीळ तसूभरही कमी होत नाही. व्यास मात्र चौथ्या घाताने काम करतो: 40 चा 50 केला की ताठरपणा 2.44 पट होतो. दोन्ही बाजू सारख्या ताठर हव्यात, तर चौपट लांबीला व्यास 1.41 पट, म्हणजे साधारण 56 मिमी लागेल. तसं केलं तर लांब शाफ्टचं वजन 39 किलोवरून 77 किलोवर जातं आणि बेअरिंग, कपलिंग सगळंच मोठं घ्यावं लागतं. त्यापेक्षा जागा करून गिअरबॉक्स मध्यावर सरकवणं, नाहीतर दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मोटरी बसवणं बहुतेक वेळा परवडतं.