शून्यापाशी लिमिट नाही, हे मी कसं सिद्ध केलं

नागपुरात धरमपेठेतल्या खोलीवर, कूलरसमोर बसून बीएस्सीची गणितं सोडवत होतो. x शून्याकडे जाताना sin(π/x) ची लिमिट आहे का, असा प्रश्न होता. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून 0.1, 0.01, 0.001 घातले. प्रत्येक वेळी 0. मी लिहून टाकलं, लिमिट 0.

वरच्या मजल्यावरच्या ताईने वही पाहिली आणि विचारलं, "तू निवडलेले सगळे आकडे 1/n या साच्यातलेच आहेत ना रे?" खरंच होते! x = 1/n घेतला की sin(nπ) होतं, आणि ते नेहमी 0च असतं. म्हणजे मी शून्याकडे एकाच वाटेने जात होतो.

मग उलटा विचार केला. साइन 1 कधी होतो? कोन 2nπ + π/2 असेल तेव्हा. म्हणून π/x = 2nπ + π/2 मांडलं, आणि x = 2/(4n+1) मिळालं: 2/5, 2/9, 2/13... ही क्रमिकाही शून्याकडेच जाते, तिचं एकही पद शून्य नाही, पण फलाची किंमत प्रत्येक पदाला 1.

लिमिट असती, तर दोन्ही क्रमिकांवर तीच यायला हवी होती. इथे एकीवर 0, दुसरीवर 1. म्हणून लिमिट नाही.

दोन क्रमिकांवर उत्तर सारखं आलं, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. 1/n आणि 1/(2n) घेऊन पाहा, दोन्हीकडे 0च येतो.