पावसाळी दुपारी घरात मुलं खेळवताना या चुका टाळा

बाहेर धो धो पाऊस, शाळेला सुट्टी, आणि दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच ते बारा वर्षांची दहा मुलं. अशा वेळी मोठी माणसं बहुतेक पहिल्यांदा संगीत खुर्ची लावतात. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

दहा मुलं, नऊ खुर्च्या, म्हणजे नऊ फेऱ्या. गाणं लावणं, थांबवणं, "मी आधी बसलो होतो"चा वाद मिटवणं आणि खुर्च्या सरकवणं धरून एका फेरीला दीड-दोन मिनिटं जातात. पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल त्यामुळे बारा ते सोळा मिनिटं भिंतीला टेकून बसतं. पहिलं बाद होतं ते बहुधा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात उतावीळ मूल, म्हणजे ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज असते तेच. तिसऱ्या फेरीला ते दुसऱ्याची खुर्ची ओढतं, पाचव्या फेरीला बाद झालेल्या चौघांची पलंगावर कुस्ती सुरू होते. मग मुलांना दंगेखोर ठरवलं जातं. चूक मुलांची नसते, खेळच त्यांना बाहेर बसवणारा असतो.

म्हणून मूल बाद करू नका, जागा कमी करा. सहा बाय चार फुटांची सतरंजी कोरड्या फरशीवर अंथरा. गाणं चालू असताना मुलांनी तिच्याभोवती चालायचं, धावायचं नाही. गाणं थांबलं की सगळ्यांनी सतरंजीवर यायचं आणि पाच आकडे होईपर्यंत कुणाचाही पाय फरशीला लागू द्यायचा नाही. जमलं की सतरंजीची अर्धी घडी. पहिल्या घडीला दहा मुलं आरामात मावतात. दुसऱ्या घडीला तीन बाय दोन फूट उरतात, तेव्हा एकमेकांना धरून उभं राहावं लागतं आणि मोठी मुलं आपणहून लहानांना कडेवर घेतात. तिथेच थांबा. तिसऱ्या घडीला दहा मुलं मावत नाहीत, पडतात. आणि सतरंजीऐवजी वर्तमानपत्रं वापरायचा सोपा मार्ग नको. दमट फरशीवर कागद पायाखालून सटकतो.

दुसरी चूक क्रमाची. मुलं फार उड्या मारतात म्हणून आधी पत्ते किंवा नाव-गाव-फळ-फूल देऊन बसवायचं आणि कंटाळली की पळायला सोडायचं. हे उलटं आहे. आधी वीस मिनिटं अंग हलवणारा खेळ, मगच बैठा. सतरंजीचा कंटाळा आला तर खोलीच्या मधोमध दोन खुर्च्यांना ओढणी बांधा, बसलेल्या मुलाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. दोन्हीकडे पाच-पाच मुलं मांडी घालून बसवा आणि फुगा पलीकडे टोलवू द्या. बूड फरशीवरून उचललं की गुण समोरच्यांना. या एका नियमामुळे धावपळ होत नाही, पण हात आणि कंबर पूर्ण वापरात राहतात. फुगा नारळापेक्षा थोडा मोठा फुगवा. ताणून फुगवला की लगेच फुटतो, लहान ठेवला तर वेगाने जातो आणि पाच वर्षांच्या मुलाला टोलवता येत नाही. पंखा बंद ठेवा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तेव्हाच्या तेव्हा उचला, कारण ते घशात अडकतात.

पत्त्यांत दहा मुलांना एकच जोड देऊ नका. बदाम सातमध्ये प्रत्येकाला पाच-सहाच पानं येतात आणि पाळी येईपर्यंत नऊ जणांची वाट पाहावी लागते. दोन जोड घ्या, पाच-पाच जणांचे दोन गट करा. मग दहा-अकरा पानं येतात आणि खेळात डोकं लागतं. राजा-मंत्री-चोर-शिपाईलाही चार-चारचे गट, उरलेल्या दोघांना गुण मांडायला द्या आणि दर पाच डावांनी बदला. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या करा. वहीच्या कागदातून 'चोर' पलीकडून वाचता येतो.

कॅरमबद्दल एवढंच की दमट हवेत सोंगट्या अडकतात म्हणून पावडर ओतत राहू नका. ती ओल धरते आणि बोर्ड आणखी जड चालतो. आधीची पावडर कोरड्या सुती फडक्याने पूर्ण पुसा, मग चिमूटभरच नवी टाका. बोरिक पावडर लहानांच्या हाती देऊ नका, ती तोंडात जाता कामा नये.

आंधळी कोशिंबीर ओल्या फरशीवर नको. लाईट गेली तर भेंड्या लावा, पण गटागटाने. एकेकट्याला गाणं आठवेपर्यंत बाकीची नऊ उठून जातात.